‘मेमु’ आणि ‘मनम्’च्या मध्ये तीन मिनिटं

आमच्या शेजारची मुलगी निजामाबादजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी ती तिथे दाखल झाली तेव्हा तिच्या स्वागताला कोणी नीट बोललंच नव्हतं, म्हणून यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी भाषण करायची जबाबदारी तिने स्वतःहून मागून घेतली. कागद घेऊन ती संध्याकाळी आमच्या गच्चीवर आली. मी मूळची देगलूरची. लग्नानंतर बावीस वर्षं इथेच आहे, त्यामुळे तेलुगू मला घरच्यासारखी झाली आहे, पण कानाच्या तळाशी मराठी राहतेच. त्या कानामुळेच तिच्या पहिल्या वाक्यातला एक शब्द मला खटकला.

वाक्य होतं, ‘मा कालेजीकि मी अंदरिकी स्वागतम्.’ यातला ‘मी’ आपला नव्हे. तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचा किंवा तुम्हा. ‘अंदरिकी’ म्हणजे सगळ्यांना. व्याकरणात काही चूक नाही, आणि अशी वाक्यं इथल्या कार्यक्रमांत नेहमी कानावर पडतात. अडचण होती ती पहिल्या अक्षरात. ‘मा’ म्हणजे आमचं. ‘आमच्या कॉलेजात तुम्हा सर्वांचं स्वागत.’ लग्नघरी पाहुण्यांना असं म्हणावं, कारण पाहुणे जेवून आपल्या घरी जाणार असतात. ही मुलं मात्र चार वर्षं इथेच राहणार. मी तिला म्हटलं, ‘मा’ खोड आणि ‘मन’ लिही. हे ‘मन’ आपल्या मनासारखं तोडून म्हणायचं नाही, शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारायचा. ‘मन कालेजीकि मी अंदरिकी स्वागतम्’ म्हणजे ‘आपल्या कॉलेजात तुम्हा सर्वांचं स्वागत.’ अक्षर एक बदललं, आणि समोर बसलेला मुलगा दारातून आत आला.

हे मराठी वाचकाला फोड करून सांगावं लागत नाही, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं. तेलुगूत ‘आम्ही’ला मेमु आणि ‘आपण’ला मनम् म्हणतात. मेमु म्हणजे मी आणि माझी माणसं, तू सोडून. मनम् म्हणजे तुझ्यासकट सगळे. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, इंग्रजीत नाही, आजच्या कन्नडमध्येही उरलेला नाही. तमिळ आणि मल्याळममध्ये तो आहे. संस्कृतापासून निघालेल्या भाषांपैकी मराठी आणि गुजरातीत आहे, आणि भाषेचे अभ्यासक तो दक्षिणेच्या शेजाराचा परिणाम मानतात. म्हणजे आमची देगलूरची आजी ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघूया’ यात जो फरक करत होती, तोच फरक पलीकडच्या मदनूरची तेलुगू आजी करत होती.

दोन्ही भाषांचे सांधे अगदी तंतोतंत जुळत नाहीत. मराठीत ‘आपण’ आदरार्थीही येतं, ‘आपण बसावं’ असं. तेलुगूचं मनम् असं कधी समोरच्यासाठी येत नाही. अतिआदरासाठी तिथे ‘तमरु’ असा वेगळाच शब्द आहे. उलट ‘मा’चा पसारा आपल्या ‘आमच्या’पेक्षा थोडा मोठा. एकटी मुलगीसुद्धा ‘मा अम्मा’ म्हणते, ‘मा ऊरु’ म्हणते, म्हणजे माझी आई, माझं गाव. ‘ना’, म्हणजे माझं, हा शब्द आई आणि गावासाठी तिच्या तोंडी सहसा येत नाही. म्हणूनच ‘मा कालेजी’ तिच्या लेखणीतून इतक्या सहज उतरलं. कॉलेजवरच्या मायेनेच ते आलं होतं. पण त्या मायेत समोरची मुलं बसत नव्हती.

मग आम्ही वरपासून सुरुवात केली. तिच्या कागदावरचा पहिला परिच्छेद संपूर्ण नमस्कारांनी भरला होता. ‘वेदिकनु अलंकरिंचिन पेद्दलकु ना हृदयपूर्वक नमस्कारालु’, म्हणजे व्यासपीठ भूषवणाऱ्या मोठ्यांना हृदयपूर्वक नमस्कार. मग प्राचार्य, विभागप्रमुख, प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, प्रत्येकाच्या नावापुढे ‘गारु’. मग ‘तोटि विद्यार्थुलु’, म्हणजे सोबती विद्यार्थी. आणि सर्वांत शेवटी ‘विद्यार्थिनी विद्यार्थुलु’. आपण ‘विद्यार्थी-विद्यार्थिनी’ म्हणतो, तेलुगूच्या ठरलेल्या जोडशब्दात मुली आधी येतात. त्यानंतर वेमनाचं एक पद्य, कारण तेलुगू भाषण पद्याने सुरू करायची शाळेपासूनची सवय. वेमना नाही तर सुमती शतक, पण एखादं हवंच. घड्याळ लावून तिने वाचलं तर ‘स्वागतम्’ हा शब्द येईपर्यंत दीड मिनिट गेलं होतं.

ही जडजूड संस्कृतप्रचुर तेलुगू कुठून येते, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तेलुगूत लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी, असा प्रकार होता. लिहायची ती ग्रांथिक, बोलायची ती व्यावहारिक. शाळेतल्या मुलाने घरात बोलतो तसं लिहिलं तर ते चूक ठरे. गिडुगु राममूर्ती पंतुलु या शिक्षकाने त्याविरुद्ध जन्मभर लढा दिला. त्यांनी श्रीकाकुळम भागातल्या सवर आदिवासींची भाषा शिकून घेतली होती आणि त्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवलं पाहिजे असा आग्रह धरला होता. माणूस बोलतो ती भाषा लिहिण्यालायक असते, ही त्यांची धारणा होती. त्यांचा जन्मदिवस 29 ऑगस्ट (साल 1863), आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी आपण मराठी भाषा दिन पाळतो तसा तेलुगू भाषा दिन त्या दिवशी पाळतात. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, पाठ्यपुस्तकं सगळी हळूहळू व्यावहारिकात आली. सभेच्या माइकपाशी मात्र ग्रांथिकाची सावली अजून रेंगाळते. माइक हातात आला की घरात ‘वच्चारु’ म्हणणारं पोरही ‘विच्चेसिनारु’ म्हणू लागतं. दोन्हीचा अर्थ ‘आलात’ एवढाच, पण दुसरा शब्द ‘पधारलात’सारखा.

प्राचार्यांचा मान ठेवायलाच हवा, तेलुगू सभेत तो चुकवून चालत नाही. आम्ही तो एका वाक्यात बसवला, नावं न घेता. नावं घेतली की कोणाचं तरी राहतं, आणि राहिलेल्याचा चेहरा सगळा हॉल बघत बसतो. पद्य काढलं. वेमना तिलाही प्रिय आहे, मलाही. पण त्याच्या पद्यात बहुतेक वेळा एक शिकवण असते, आणि हॉलमध्ये पाय ठेवल्यापासून शिकवण ऐकणारी मुलं आणखी एक शिकवण ऐकून कान मिटून घेतात.

आता संबोधन. तेलुगूत ‘तू’ला नुव्वु, ‘तुम्ही’ला मीरु. मीरु अनेकवचनीही आहे आणि आदरार्थीही, आपल्या ‘तुम्ही’सारखंच. सभेत समोर शंभर जण, म्हणून क्रियापद आपोआप ‘अंडि’वर संपतं: ‘अडगंडि’ म्हणजे विचारा, ‘चेप्पंडि’ म्हणजे सांगा. हा व्याकरणाचा भाग झाला. त्याच्या आड एक गोष्ट घडते. हेच सीनियर कॉरिडॉरमध्ये एकट्या ज्युनियरला गाठतात तेव्हा ‘चेप्पु रा’ म्हणतात, सांग रे. हा ‘रा’ जिवलग मित्राच्या तोंडी गोड, आणि अनोळख्याच्या तोंडी चपराक. त्यामुळे स्टेजवरच्या ‘अंडि’ची किंमत मुलं स्टेजवर नाही, नंतर जिन्यात ठरवतात. तिने भाषणात एक वाक्य टाकलं ते मला फार आवडलं: आम्हाला सर किंवा मॅडम म्हणू नका, अन्ना म्हणा, अक्का म्हणा. अन्ना म्हणजे मोठा भाऊ, अक्का म्हणजे मोठी बहीण. ज्युनियरकडून ‘सर’ म्हणवून घेणं हा रॅगिंगचा जुना पहिला धडा आहे, हे इथल्या प्रत्येक मुलाला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. ‘अन्ना’ म्हणवून घेतलं की निदान नात्याने तरी वागावं लागतं.

रॅगिंगचा धाक या भाषणामागे उभा आहे, तो वगळून त्याचा अर्थ लागत नाही. अखंड आंध्र प्रदेशात रॅगिंगबंदीचा कायदा 1997 साली झाला, महाराष्ट्राचा 1999 साली. 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्यांत विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेण्याची अट आहे, ती बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे जिची फारशी चर्चा होत नाही. नव्या आणि जुन्या मुलांना एकत्र आणणारे सांस्कृतिक आणि खेळांचे कार्यक्रम प्राध्यापकांच्या उपस्थितीत भरपूर घ्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दोन वर्गांना एकमेकांपासून फक्त दूर ठेवायचं, एवढाच नियमांचा हेतू नाही. त्यांची ओळख उजेडात व्हावी, असा आहे. सीनियर मुलीने माइकवर केलेलं स्वागताचं भाषण म्हणजे ही उजेडातली ओळख.

म्हणूनच तिच्या कागदावरचा ‘इंट्रो’ हा शब्द मी गोल करून ठेवला. तिने साधेपणाने लिहिलं होतं, की कार्यक्रमानंतर सगळ्यांनी इंट्रो द्यायची. इथल्या कॉलेजांत ‘इंट्रो इव्वु’, इंट्रो दे, हे दोन शब्द ऐकले की पहिल्या वर्षाच्या पोराच्या पोटात गोळा येतो. नाव सांग, गाव सांग, रँक सांग, मोठ्याने सांग, परत सांग, असा त्याचा क्रम असतो. रँक म्हणजे एमसेटची, जिला आता ईएपीसेट म्हणतात, त्या प्रवेश परीक्षेतला क्रमांक. त्यावरूनच सीट मिळते आणि त्यावरूनच पोरं एकमेकांना तोलतात. तिने तो शब्द काढला आणि उलटं केलं. आधी स्वतःची ओळख दिली: गाव, शाळा, आणि पहिल्या सेमिस्टरला गेलेला विषय.

मग राहिला मधला भाग, सल्ल्याचा. तिने अकरा मुद्दे लिहिले होते. सकाळी लवकर उठा, लायब्ररी वापरा, मोबाइल कमी पाहा, आईवडिलांचे कष्ट आठवा. तिला म्हटलं, यातलं प्राचार्य काय काय सांगणार नाहीत, तेवढंच ठेव. ती बराच वेळ विचार करत बसली, आणि तीन गोष्टी राहिल्या.

पहिली हजेरीची. जेएनटीयू हैदराबादशी संलग्न कॉलेजांत 75 टक्के हजेरी लागते. 65 ते 75च्या मध्ये अडकलात तर योग्य कारण दाखवून, शुल्क भरून माफी मिळू शकते. 65च्या खाली गेलात तर त्या सेमिस्टरची परीक्षा देता येत नाही, त्याला इथे ‘डिटेन’ म्हणतात. हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. छापलेलं नसतं ते तिने सांगितलं: पहिल्या दीड महिन्यात हॉस्टेलवरून दर शनिवारी गावी पळणारी मुलंच नोव्हेंबरात या 65च्या काठावर येतात. घरची आठवण येणं ठीक आहे, रविवारी जा, शनिवारची लॅब सोडू नका.

दुसरी गोष्ट रेकॉर्डची. लॅबमध्ये केलेल्या प्रयोगाची वही म्हणजे रेकॉर्ड. ती आठवड्याच्या आठवड्याला लिहून सही घ्यायची. सेमिस्टरच्या शेवटी रात्र जागून वीस प्रयोग उतरवणारी मुलं दुसऱ्याच्या चुकाही उतरवतात, आणि तोंडी परीक्षेत त्या चुकांवरच प्रश्न येतो.

तिसरी गोष्ट भाषेची होती, आणि ती सांगताना तिचा आवाज बदलला. ती स्वतः सरकारी शाळेत तेलुगू माध्यमातून दहावी झाली. इथे दहावीनंतरची दोन वर्षं ‘इंटर’ म्हणतात, तिथपासून सगळं इंग्रजीत. कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी काहीतरी विचारलं, तिला उत्तर येत होतं, पण वाक्य जुळेपर्यंत सर पुढे गेले. असं तीन आठवडे चाललं. मग एकदा तिने उठून तेलुगूतच विचारलं, ‘सर, तेलुगूत सांगू का?’ सर म्हणाले, ‘सांग की.’ त्यानंतर ती कधी गप्प बसली नाही. हे तिने कागदावर लिहिलंच नव्हतं, कारण भाषणात असं सांगायचं नसतं असा तिचा समज होता. माझ्या मते त्या कागदावर लिहिण्यासारखं सर्वांत मोलाचं तेच होतं.

आणि इथेच मेमु परत आलं. सुरुवातीला मी तिला सगळीकडे मनम् लिहायला लावत होते, तेव्हा माझीही चूक झाली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षात जे भोगलं ते ‘मनम्’ने सांगता येत नाही, कारण समोरची मुलं तेव्हा तिथे नव्हती. तिथे मेमुच हवं: आम्ही घाबरलो होतो, आम्हालाही समजत नव्हतं. आणि जेव्हा ती म्हणते ‘मेमुन्नाम्’, आम्ही आहोत, तेव्हाही मेमुच हवं. ‘आपण आहोत’ म्हटलं तर त्यात आधार कसला? आधार देणारा वेगळा उभा असावा लागतो. शेवटी पुढच्या चार वर्षांबद्दल बोलताना मनम् परत यायला हवं. तेलुगूत ‘चला, करूया’ असं सांगणारं क्रियापद ‘दाम्’वर संपतं, आणि त्या ‘दाम्’मध्ये ऐकणारा नेहमी धरलेलाच असतो. ‘चदुवुकुंदाम्’ म्हणजे शिकूया, ‘माट्लाडुकुंदाम्’ म्हणजे बोलूया.

गच्चीवर दिवा लावून ती पुन्हा वाचायला उभी राहिली. सगळं मिळून तीन मिनिटांच्या थोडं पुढे गेलं. मराठीत ते साधारण असं होईल:

‘सर्वांना नमस्कार. मंचावरच्या आमच्या गुरूंना आणि इथे जमलेल्या सगळ्यांना. आपल्या कॉलेजात तुम्हा सर्वांचं स्वागत. मी तिसऱ्या वर्षाला आहे. माझं गाव इथून पन्नास किलोमीटर, बसने दोन तास लागतात कारण बस प्रत्येक फाट्यावर थांबते. पहिल्या सेमिस्टरला माझा गणिताचा पेपर गेला होता. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी दुसऱ्याकडून सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच खुर्च्यांवर बसलो होतो. मागच्या दाराकडे बघत बसलो होतो, सीनियर कधी आत येतात म्हणून. तुमच्यातलेही काही जण आता बघत आहेत. त्या दारातून येणारी आम्हीच आहोत. आम्हाला सर, मॅडम म्हणू नका, अन्ना, अक्का म्हणा. तीन गोष्टी सांगते. शनिवारची लॅब सोडू नका. रेकॉर्ड त्याच आठवड्यात लिहा. आणि वर्गात इंग्रजी वाक्य जुळत नसेल तर तेलुगूत विचारा, उर्दूत विचारा, मराठीत विचारा, पण विचारा. मी तीन आठवडे विचारलं नाही, ते तीन आठवडे मला परत मिळाले नाहीत. काही अडलं, कोणी त्रास दिला, रात्री घरची आठवण आली, तर आम्ही आहोत. मुलींच्या हॉस्टेलात दुसऱ्या मजल्यावर मी राहते. परीक्षा येतील, पाऊस येईल, बस चुकेल. मिळून शिकूया. भेटूया.’

‘मराठीत विचारा’ हे तिने माझ्यासाठी घातलं असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. तिच्या वर्गात मदनूरकडची एक मुलगी आहे. त्या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलतात, आदिलाबादकडेही बोलतात. निजामाबादेत घरात उर्दू बोलणारी मुलंही पुष्कळ. तेलुगू भाषण म्हणजे समोरचे सगळे तेलुगूच, असं इथे कधी नसतं. आणि तेलुगू म्हटली तरी एक नाही. पुस्तकात आणि बातम्यांत ‘वच्चारु’ आहे ते किनारी आंध्राकडचं, तेलंगणात घरी ‘वच्चिंड्रु’ म्हणतात. तिच्या पहिल्या कागदावर एकही तेलंगणी रूप नव्हतं. दुसऱ्यांदा वाचताना दोन-तीन ठिकाणी तिच्या तोंडून ती आपोआप आली. मी टोकलं नाही, तिनेही बदलली नाहीत.

शेवट मात्र तिला बदलायचा नव्हता. तेलुगू भाषण ठरलेल्या वाक्यावर संपतं: ‘इंतटितो ना प्रसंगम् मुगिस्तू सेलवु तीसुकुंटुन्नानु’, एवढ्यावर भाषण संपवून रजा घेते. ‘सेलवु’ म्हणजे सुट्टीही आणि निरोपही, अगदी आपल्या ‘रजे’सारखा दुहेरी शब्द. शाळेतल्या प्रत्येक भाषणात तिने हेच म्हटलं होतं, त्याशिवाय स्टेजवरून उतरणं तिला उद्धटपणा वाटत होता. मी तिला आठवण दिली की घरातून निघताना ती कधी ‘वेळ्तानु’, जाते, असं म्हणत नाही. ‘वेळ्ळोस्तानु’ म्हणते, जाऊन येते. आपण ‘येते’ म्हणतो तसंच. ज्यांना उद्या जिन्यात भेटायचं आहे त्यांची रजा कशाला घ्यायची?

कार्यक्रमाला मी नव्हते. संध्याकाळी ती वर आली ती कागद हातात चुरगळलेला घेऊन. माइक मधेच बंद पडला होता, प्राचार्य फार लांबले, आणि तिचा नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. मुलं भुकेली होती, मागच्या रांगा उठायच्या बेतात होत्या. तिने कागद पाहिलाच नाही. नमस्कार केला, मागच्या दाराचं सांगितलं, तीन गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, ‘कँटीनलो कलुद्दाम्.’ कँटीनमध्ये भेटूया.

कँटीनमध्ये तिच्या टेबलापाशी सहा जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पहिलीने हाक मारली ती ‘अक्का’ अशी.